किटचा स्फुरद आणि लॅबचा स्फुरद जुळत नाही तेव्हा

प्रश्न: माझ्याकडे रंग बघून माती तपासायचं हातातलं किट आहे. त्याच शेतातली माती लॅबला पण दिली. पहिल्या तुकड्यात किटने स्फुरद ८० दाखवला आणि लॅबचा रिपोर्ट आला १२. दुसऱ्या तुकड्यात बरोबर उलटं, किट म्हणतं "अगदी कमी" आणि लॅब म्हणते १८, म्हणजे पुरेसा. आता विश्वास कुणावर ठेवू? किट टाकून देऊ का?

टाकू नका. आणि लॅबही चुकली असं मला तुमच्या आकड्यांवरून वाटत नाही. तुमच्या दोन तुकड्यांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी झाल्यात. पहिल्यातला फरक बहुतेक एककाचा आहे, दुसऱ्यातला फरक खरा आहे आणि तिथे किट तुम्हाला फसवतंय असा मला दाट संशय आहे. एक एक करून सांगतो.

पहिला तुकडा. किटच्या तक्त्यावर ८० च्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. बऱ्याच किटांवर "किलो प्रति हेक्टर" असतं आणि ते पण स्फुरद मूलद्रव्य म्हणून नाही, खताच्या भाषेत, म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साईड म्हणून. लॅबच्या रिपोर्टमधला १२ मात्र बहुतेक पीपीएम असणार, म्हणजे एक किलो मातीत १२ मिलिग्रॅम, आणि तो नुसता फॉस्फरस. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना होऊच शकत नाही. आधी एका भाषेत आणा. वरच्या १५ सेंटीमीटर थरातली एका हेक्टरची माती साधारण २२ लाख ४० हजार किलो धरतात, त्यामुळे पीपीएमला २.२४ ने गुणलं की किलो प्रति हेक्टर येतं. मग फॉस्फरसचं पेंटॉक्साईड करायला २.२९ ने गुणायचं. तुमचे १२ गुणिले २.२४ म्हणजे २६.९, आणि ते गुणिले २.२९ म्हणजे ६१.६. म्हणजे भांडण ८० विरुद्ध १२ असं नव्हतंच, ८० विरुद्ध ६२ असं होतं. उलट बाजूने केलं तर किटचे ८० म्हणजे साधारण १५.६ पीपीएम, लॅबचे १२. हातातल्या किटसाठी हे वाईट अजिबात नाही, विशेषतः तक्त्यावर ८० च्या खालचा रंग ६० किंवा ४० चा असेल तर, कारण मग डोळ्याने जवळचा रंग निवडतानाच एवढी चूक होते.

हे मी सगळ्यात आधी सांगतोय कारण "किट आणि लॅब जुळत नाही" म्हणून माझ्याकडे जे येतात त्यातले बरेच जण इथेच अडकलेले असतात. नायट्रेटच्या पट्टीलाही हाच घोळ आहे, पट्टी नायट्रेट दाखवते आणि लॅब नायट्रेटमधलं नत्र लिहिते, पट्टीच्या आकड्याला ४.४३ ने भागलं की मग ते एका रांगेत येतात. तेव्हा आकडा वहीत लिहिताना एकक त्याच ओळीत लिहायची सवय लावा, नंतर आठवून लिहू असं करू नका.

आता उरलेले १५.६ आणि १२, यातला थोडा फरक खरा पण असू शकतो आणि त्याचं कारण कळलं की तुमच्या दुसऱ्या तुकड्याचं कोडं पण सुटतं.

मातीतला सगळा स्फुरद कुणीच मोजत नाही, ना किट ना लॅब. माती एका द्रावणात हलवायची, जेवढा स्फुरद त्यात उतरतो तेवढा मोजायचा, आणि तो पिकाला मिळणाऱ्या स्फुरदाचा अंदाज म्हणून वापरायचा. अर्क काढायचं द्रावण बदललं की आकडा बदलतो. लॅबमधे दोन पद्धती खूप चालतात. एक ओल्सेनची, १९५४ सालची, त्यात सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण असतं, सामू ८.५, एक भाग मातीला वीस भाग द्रावण आणि अर्धा तास हलवणं. दुसरी ब्रे आणि कुर्ट्झची, १९४५ ची, त्यात अमोनियम फ्लोराईड आणि पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड, एकास दहा द्रावण आणि फक्त पाच मिनिटं हलवणं. आम्लधर्मी आणि साधारण उदासीन जमिनीत ब्रेवाला आकडा सहसा ओल्सेनपेक्षा जास्त येतो. म्हणून ज्या पद्धतीचा आकडा त्याच पद्धतीचा कमी-मध्यम-जास्त तक्ता लावायचा, ओल्सेनच्या आकड्याला ब्रेचा तक्ता लावला की सल्लाच चुकतो.

शेतात उभं राहून अर्धा तास बाटली हलवायला कुणाला जमणार, त्यामुळे बऱ्याच किटांमधे ॲसिडचं द्रावण देतात, एक-दोन मिनिटात अर्क निघतो आणि पाणीही लवकर नितळ होतं. सोय म्हणून ते ठीक आहे. पण जमिनीत चुनखडी असली की इथेच सगळं बिघडतं.

हिशोब करून बघा म्हणजे कळेल किती थोड्या चुन्याने बिघडतं. ब्रेच्या द्रावणात ॲसिडचं प्रमाण ०.०२५ नॉर्मल असतं. एक ग्रॅम मातीला दहा मिली द्रावण घेतलं तर त्यात एकूण ॲसिड ०.२५ मिलिइक्विव्हॅलंट. एक मिलिइक्विव्हॅलंट ॲसिड मारायला ५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लागतं, म्हणजे हे सगळं ॲसिड संपवायला साडेबारा मिलिग्रॅम चुनखडी पुरते. एक ग्रॅम मातीत साडेबारा मिलिग्रॅम म्हणजे सव्वा टक्का. चुनखडीच्या जमिनीत पाच-दहा टक्के चुना ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे द्रावण मातीत पडल्यावर ॲसिड आधी चुन्यावर खर्च होतं, फ्लोराईड पण कॅल्शियमशी जोडलं जाऊन खाली बसतं, आणि स्फुरद बाहेर काढायला काही उरतच नाही. नळी फिक्कट राहते, आपण तक्ता बघतो आणि "अगदी कमी" लिहून टाकतो. स्फुरद जमिनीत असतो हो, किटला तो दिसलेलाच नसतो.

तुमच्या दुसऱ्या तुकड्यात हेच झालंय का ते घरच्या घरी ठरवता येतं. थोडी कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे काही थेंब टाका, बुडबुडे फुटून फसफसली तर चुना आहे. ॲसिड नसेल तर साधं व्हिनेगर पण चालतं, फक्त त्याने कमी चुना असेल तर फसफस नीट दिसत नाही, त्यामुळे व्हिनेगरला काही झालं नाही म्हणून चुना नाहीच असं धरू नका. पण याच्याहून पक्की परीक्षा दुसरी आहे आणि ती मला जास्त आवडते. किटच्या पद्धतीने नेहमीसारखा अर्क काढा, आणि रंगाचं औषध घालायच्या आधी त्या नितळ अर्कात सामूची पट्टी बुडवा. शेजारी किटचं कोरं द्रावण घेऊन त्यातही एक पट्टी बुडवा. ब्रेसारख्या कोऱ्या द्रावणाचा सामू २.६ च्या आसपास असतो. मातीत हलवल्यावरही अर्क आंबटच राहिला, समजा ३ च्या जवळपास, तर काम नीट झालंय. पट्टी ६ किंवा ७ दाखवत असेल तर ॲसिड मातीने खाल्लंय आणि त्या नळीचा स्फुरदाचा आकडा वहीत लिहूच नका, कमी म्हणून पण नाही आणि अंदाजे म्हणून पण नाही.

आणि कोरं द्रावणच आंबट नसेल, पट्टी ८ च्या पुढे दाखवत असेल, तर तुमचं किट बायकार्बोनेटवालं आहे. मग दुसऱ्या तुकड्याचं कारण वेगळीकडे शोधावं लागेल. अशा किटांमधे रंगाचं औषध घालायच्या आधी अर्क ॲसिडने आंबट करायची एक पायरी असते, थेंब टाकले की फसफसतो आणि फेस येतो, आणि लोक फेसाला घाबरून थेंब कमी टाकतात किंवा पायरीच गाळतात. पुरेसा आंबटपणा नसेल तर निळा रंग नीट येत नाही. म्हणजे दोन्हीकडे रोग एकच, रंग यायला जेवढं ॲसिड लागतं तेवढं शेवटी नळीत नसणं.

रंग येतो कसा हे थोडक्यात माहीत असलं की बाकीच्या चुका आपल्याआपण दिसायला लागतात. अर्कातला फॉस्फेट आंबट पाण्यात मॉलिब्डेटशी जोडला जातो आणि मग त्यात एक क्षपणकारक घातलं की ते निळं होतं, जितका फॉस्फेट तितका गडद निळा. लॅबमधे क्षपणासाठी बहुतेक ॲस्कॉर्बिक ॲसिड वापरतात, मर्फी आणि रायलीची १९६२ ची पद्धत, तो रंग यायला दहा मिनिटं तरी लागतात पण नंतर बराच वेळ टिकतो. काही किटांमधे त्याऐवजी स्टॅनस क्लोराईड असतं, त्याने रंग पटकन येतो आणि तसाच पटकन उतरायलाही लागतो. म्हणून "पाच ते दहा मिनिटात वाचा" असं लिहिलं असेल तर ते मनावर घ्या, दहा नळ्या एकदम लावून शेवटची नळी वीस मिनिटांनी वाचली तर ती फिकी दिसणारच. आणि ॲस्कॉर्बिकवाल्या किटमधे थंड सकाळी रंग हळू चढतो, घाईत वाचलं तर तिथेही कमीच दिसतो. तुमच्या किटचा स्वभाव कळायला एकदा एकच नळी लावा आणि ५, १०, २०, ३० मिनिटांनी तीच परत परत तक्त्याला लावून बघा, रंग कधी स्थिर होतो आणि कधी उतरतो ते तिथेच समजेल.

स्टॅनस क्लोराईडचा दुसरा त्रास म्हणजे ते हवेने आणि उष्णतेने खराब होतं. एका हंगामात मला ओळीने सगळी शेतं "कमी" दिसत होती. आधी मला ते खरंच वाटलं, आणि मी तसे सल्ले पण दिले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. नंतर एक दिवस ओळखीच्या ताकदीचं द्रावण तपासलं, १ पीपीएम फॉस्फरस होता आणि रंग आला ०.३ च्या पट्टीएवढा. औषधाची बाटली उन्हाळाभर गाडीत राहिली होती, दिसायला तशीच, मुदतही संपलेली नव्हती. त्या दिवसापासून मी तीन नळ्या लावल्याशिवाय मातीची नळी वाचत नाही आणि तुम्हालाही हेच कळकळीने सांगतो.

पहिली नळी कोरी, म्हणजे माती नाही, फक्त किटचं द्रावण आणि औषधं. ही रंगहीन राहिली पाहिजे. निळी झाली तर कुठूनतरी फॉस्फेट आलाय, पाण्यातून किंवा भांड्यातून. काही डिटर्जंटमधे फॉस्फेट असतो आणि नळीच्या काचेला तो चिकटून राहतो, त्यामुळे स्फुरदाच्या नळ्या साबणाने धुवायच्याच नाहीत, पातळ ॲसिडने विसळायच्या आणि डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा. नळाचं किंवा विहिरीचं पाणी इथे चालत नाही.

दुसरी नळी ओळखीच्या द्रावणाची. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२१९७ ग्रॅम एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलं की बरोबर ५० पीपीएम फॉस्फरसचं द्रावण मिळतं. एवढं बारीक वजन घरच्या काट्यावर होत नाही, लॅबमधून किंवा शाळा-कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून करून आणा. त्यातलं २ मिली घेऊन किटच्या अर्काच्या द्रावणाने १०० मिली केलं की १ पीपीएम. आता हे लक्षात घ्या की हे द्रावणातले पीपीएम आहेत, मातीतले नाहीत. किटमधे एकास दहा प्रमाण असेल तर द्रावणातला १ म्हणजे मातीतले १०, एकास वीस असेल तर मातीतले २०. तक्त्यावर त्या जागचा रंग आला तर औषध ठीक. फिका आला तर नवीन औषध आणा, मागच्या आकड्यांना कुठलातरी गुणक लावून दुरुस्त करत बसू नका कारण औषध कधीपासून आणि किती बिघडत गेलं ते कळायला मार्ग नसतो.

तिसरी नळी मातीच्या अर्काची, पण रंगाचं औषध न घालता. सेंद्रिय पदार्थ जास्त असलेल्या मातीचा अर्क मुळातच चहासारखा पिवळसर-तपकिरी येतो, बायकार्बोनेटने तर जास्तच, आणि निळ्यात पिवळा मिसळला की हिरवट दिसतं आणि डोळा गोंधळतो. ही नळी तक्त्याच्या मागे किंवा शेजारी धरून बघितली की किती रंग मातीचा आणि किती स्फुरदाचा याचा अंदाज येतो. तुमच्याकडे रंग मोजणारं छोटं मीटर असेल तर ते शून्य करताना हीच नळी वापरायची, साधं पाणी नाही. मीटर घेतलं म्हणजे डोळ्याची चूक गेली एवढंच, चुन्याची, शिळ्या औषधाची, चमच्याची चूक तशीच राहते. शिवाय अर्क थोडा जरी गढूळ असला तर मीटरला तो गढूळपणाही रंगच वाटतो आणि आकडा फुगतो. पडद्यावर १४.३७ दिसलं म्हणून ते दशांश खरे मानू नका.

चमच्याचं आलंच तर तेही सांगतो. लॅबमधे माती सुकवून, कुटून, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढून वजनावर घेतात. किटमधे चमचा असतो, आणि "१ ग्रॅम" लिहिलेला चमचा मुळात मापाचा असतो. काही ठिकाणी तो ०.८५ घनसेंटीमीटरचा धरतात, म्हणजे कुटलेल्या मातीची घनता १.१८ गृहीत धरून. रेताड माती त्यात जड भरते, हलकी सेंद्रिय माती कमी भरते, आणि ढेकळं असतील तर मधे पोकळी राहून अजून कमी. तुमच्या मातीचे सपाट भरलेले दहा चमचे काट्यावर ठेवा आणि दहाने भागा. एका चमच्यात ०.८ ग्रॅमच बसत असेल तर तुमचं प्रत्येक वाचन वीस टक्के कमी येतंय, आकड्याला ०.८ ने भागून घ्या. ओली माती घेतली तर वरून पाण्याचं वजन, १०० ग्रॅममधे २० ग्रॅम पाणी असेल तर माती ८०च ग्रॅम. स्फुरदासाठी माती सावलीत सुकवून घेण्यात काहीच नुकसान नाही, शेतात उभं राहूनच तपासलं पाहिजे असा आग्रह धरू नका.

रंग बघायचा तो मोकळ्या सावलीत, मागे पांढरा कागद धरून. झाडाखाली नको, पानांचा हिरवा उजेड नळीत उतरतो, पिवळ्या दिव्याखाली तर निळ्या छटा ओळखूच येत नाहीत. रंगीत चष्मा काढा. नळी वरून बघायची की बाजूने हे किटवर लिहिलेलं असतं ते पाळा, कारण वरून बघताना द्रावणाची उंची जास्त मिळते आणि तोच रंग गडद दिसतो. तक्ता उन्हात ठेवला की उडतो, पिशवीत ठेवा. गडद टोकाला डोळा आंधळाच असतो, दोन गडद निळे वेगळे करता येत नाहीत, अशा वेळी अर्क निम्मा पातळ करून परत रंग आणा आणि आकडा दुप्पट करा. पातळ अर्क करायचा, रंग आलेलं द्रावण नाही.

हे सगळं नीट केलं तरी किट लॅब होत नाही. मग त्याची मर्यादा नेमकी किती, हे प्रत्येकाने आपल्या मातीवर काढायचं असतं, डब्यावर छापलेला आकडा इथे कामाचा नाही. मी कसं काढलं ते सांगतो.

मी बिनचुन्याच्या एकाच प्रकारच्या मातीच्या १२ जागा निवडल्या, मुद्दाम काही उपाशी आणि काही वर्षानुवर्षं शेणखत खाल्लेल्या. प्रत्येक जागेची माती सुकवून, चाळून, नीट मिसळून एकाच ढिगाचे दोन भाग केले, एक लॅबला आणि एक किटला. (तुम्ही "त्याच शेतातली माती" म्हणालात, ती एकाच ढिगातली होती का हे आधी बघा. एका शेतात दोन वेगळ्या ठिकाणची माती घेतली तर स्फुरदात दुपटीचा फरक सहज पडतो, खताची ओळ जिथून गेली तिथला एक हात आणि शेजारचा एक हात सारखा नसतो, आणि मग तो फरक आपण किटच्या माथी मारतो.) किटवर प्रत्येक नमुना दोनदा केला, लॅबचे आकडे न बघता. माझ्या तक्त्यावर मातीतल्या फॉस्फरसचे ५, १०, १५, २५ आणि ५० पीपीएम असे रंग होते. लॅबचे आकडे आल्यावर असं दिसलं की किटने ज्यांना ५ म्हटलं ते दोन नमुने लॅबमधे ४ आणि ६ होते. किटने १० म्हटलेले तीन, ते ७, ९ आणि ११. किटने १५ म्हटलेले तीन, १२, १४ आणि १७. किटचे २५ वाले तीन, १९, २४ आणि ३१. आणि एकच ५० वाला, तो ४६.

आता हे वाचायचं कसं. माझ्या पिकासाठी लॅबच्या पद्धतीने १० च्या खाली असेल तर स्फुरद द्यायचाच, २० च्या वर असेल तर त्या वर्षी थांबलं तरी चालतं, मधे असेल तर पीक जेवढं उचलतं तेवढं परत द्यायचं असा हिशोब होता. किटने ५ सांगितलं तेव्हा दोन्ही वेळा निर्णय बरोबर होता. ५० सांगितलं तेव्हाही. १५ सांगितलं तेव्हा तिन्ही नमुने मधल्या गटातच होते. पण १० सांगितलं तेव्हा दोन जमिनी खरंच कमी होत्या आणि एक नव्हती, आणि २५ सांगितलं तेव्हा दोन वर होत्या आणि एक, १९ वाली, काठावर खाली होती. म्हणजे माझ्या हातात, माझ्या मातीवर, हे किट टोकांना भरवशाचं आहे आणि माझ्या दोन रेषांच्या जवळ नाही. तेव्हापासून माझा नियम झाला की किटने १० किंवा २५ सांगितलं आणि खताचा खर्च मोठा असेल तर तो नमुना लॅबला जातो, बाकीच्यांसाठी थांबत नाही.

नंतर हाच प्रयोग मी ॲसिडच्या किटने चुनखडीच्या मातीवर केला. पाच नमुने, लॅबमधे ओल्सेनने ६, ११, १८, २५ आणि ३३. किटने पाचही ठिकाणी एकतर रंगच दाखवला नाही किंवा ५ दाखवले, आणि ५ दाखवले ते ६ आणि २५ वाल्यांना. बघा, इथे क्रमच राहिला नाही. किट सगळीकडे सारखंच कमी दाखवत असतं, समजा लॅबच्या निम्मं, तर दोनने गुणून काम भागलं असतं. पण गरीब जमीन आणि श्रीमंत जमीन किटला एकसारखी दिसत असेल तर कुठलाच गुणक ते वाचवू शकत नाही. म्हणून आपल्या जोड्या लावल्यावर पहिला प्रश्न "आकडे जुळतात का" हा नको, "लॅबमधे जे चढत्या क्रमाने आहेत ते किटमधेही चढत्या क्रमाने आहेत का" हा विचारा. क्रम जुळला तर किट त्या मातीवर वापरण्यासारखं आहे. नाही जुळला तर त्या मातीवर स्फुरदासाठी ते वापरू नका, बायकार्बोनेटवालं किट बघा किंवा लॅबलाच द्या.

किटचे बाकीचे भाग याच मापाने बघा, सगळ्यांचा भरवसा सारखा नाही. सामूचा रंग साधारण अर्ध्या अंकाच्या आगेमागे धरा, ५.५ आणि ७.५ मधला फरक तो नक्की सांगतो, ६.३ आणि ६.६ मधला नाही. इथेही लॅबने सामू पाण्यात मोजला की कॅल्शियम क्लोराईडच्या द्रावणात हे रिपोर्टवर बघा, दुसऱ्यात तो बऱ्याचदा अर्ध्या अंकाने खाली येतो आणि किटवर नाहक शंका येते. पालाशची चाचणी बहुतेक किटांमधे रंगाची नसतेच, पांढरी गढूळता बघायची असते, अर्क जरा जरी मातकट राहिला की ती फुगते, मी तिच्यावर खताचा निर्णय घेत नाही. नायट्रेटचं मात्र वेगळं आहे. ओली माती बंद पिशवीत, उष्णतेत तीन-चार दिवस लॅबच्या वाटेवर राहिली तर आतले जिवाणू नायट्रेट वाढवतात, आणि पाणी साचलेली माती असेल तर उलट उडवून टाकतात. तिथे त्याच दिवशी, त्याच ओलीत केलेलं किटचं वाचन शेताच्या जास्त जवळचं असू शकतं. लॅबलाच द्यायचं असेल तर ती माती बर्फात ठेवून न्या किंवा लगेच पातळ पसरून वाळवा.

तुमच्यापुरतं आता असं करा. पहिल्या तुकड्याचे आकडे एका एककात आणा, तिथे मला तरी काही चिंता दिसत नाही. दुसऱ्या तुकड्याची माती ॲसिडने फसफसते का बघा आणि अर्कात सामूची पट्टी बुडवा. अर्काचा आंबटपणा गेलेला निघाला तर लॅबचा १८ धरून चला, त्या तुकड्याला किटच्या "अगदी कमी" वरून जास्तीचा स्फुरद घालू नका. लॅबच्या रिपोर्टवर पद्धत ओल्सेन लिहिलीय का तेही बघून घ्या, कारण चुन्याच्या मातीवर लॅबनेच ब्रे वापरली असेल तर तो आकडाही याच कारणाने खाली आलेला असणार. पट्टीने कोऱ्या द्रावणात आणि अर्कात काय दाखवलं ते दोन आकडे इथे टाका, म्हणजे पुढचं बघू.